शून्यावर न थांबलेला काटा

१९०२ साली जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ युलियस बर्नस्टाईन यांनी मांडले, की विश्रांतीतील चेतातंतूचे पटल केवळ पोटॅशियमला वाट देते. चेतना आली की पटल सर्वच आयनांना खुले होते. मग विभवांतर शून्यावर यायला हवे.

१९३९ मध्ये प्लिमथ येथे हॉजकिन व हक्स्ली यांनी स्क्विडच्या, म्हणजे म्हाकुळाच्या, जाड अक्षतंतूत बारीक काचनळी सरकवून विभवांतर मोजले. काटा शून्य ओलांडून सुमारे +४० मिलिव्होल्टपर्यंत गेला! असे का? उत्तर गणितात सापडते.

एखाद्या धन आयनाचा संहतीमुळे होणारा ओघ ज्या विभवाला नेमका थोपतो, तो त्याचा समतोल विभव. २०° सेल्सिअसला नर्न्स्टचे सूत्र असे :

विभव = ५८ × लॉग (बाहेरील संहती ÷ आतील संहती)

स्क्विडच्या तंतूत पोटॅशियम आत ४००, बाहेर २०. सोडियम आत ५०, बाहेर ४४०. क्लोराइड आत ५२, बाहेर ५६० (मिलिमोल प्रति लिटर).

पोटॅशियम : ५८ × लॉग (२०/४००) = –७५ मिलिव्होल्ट.
सोडियम : ५८ × लॉग (४४०/५०) = +५५ मिलिव्होल्ट.

येथे पुष्कळ विद्यार्थी दोहोंची सरासरी काढतात. उत्तर –१० येते आणि ते चूक असते, कारण प्रत्येक आयनाला वाट सारखी मिळत नाही. संहतीला पार्यतेने गुणावे लागते. त्यासाठीचे समीकरण गोल्डमन यांनी १९४३ मध्ये दिले आणि हॉजकिन व कॅट्झ यांनी १९४९ मध्ये ते चेतातंतूला लावले. विश्रांतीत पोटॅशियम, सोडियम, क्लोराइड यांच्या पार्यता त्यांनी १ : ०.०४ : ०.४५ धरल्या. क्लोराइड ऋण असल्याने त्याची आतील संहती अंशात आणि बाहेरील छेदात जाते. ही अदलाबदल विसरली की उत्तर बिघडते.

अंश = २० + ०.०४ × ४४० + ०.४५ × ५२ = ६१
छेद = ४०० + ०.०४ × ५० + ०.४५ × ५६० = ६५४
विभव = ५८ × लॉग (६१/६५४) = –६० मिलिव्होल्ट

आता संहती तीच ठेवून सोडियमची पार्यता ०.०४ ऐवजी २० घ्या. अंश ८८४३, छेद १६५२, उत्तर +४२! म्हणजे पटल सर्वांना खुले होत नाही, क्षणभर मुख्यतः सोडियमला खुले होते.

पण २० हा आकडा उत्तर जुळावे म्हणूनच निवडलेला. तो पुरावा कसा? पुरावा पुढच्या प्रयोगात होता. बाहेरचे सोडियम निम्मे, म्हणजे २२०, केले तर याच सूत्राने शिखर +२५ येते, म्हणजे १७ मिलिव्होल्टने खाली. हॉजकिन व कॅट्झ यांनी समुद्रपाण्यातील सोडियम कमी करून पाहिले, तेव्हा शिखर खरोखरच अपेक्षेच्या जवळपास उतरले. विश्रांतीचा विभव मात्र फारसा हलला नाही. तो का हलला नाही, हे विद्यार्थ्यांना वरच्या पहिल्या अंशात ४४० ऐवजी २२० घालून शोधू द्या.