शाळेच्या फाटकावरचं वाक्य नेमकं कोणाशी बोलतं?

आजचा विषय छोटा वाटेल. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या शाळांच्या फाटकाबाहेर तंबाखूविरोधी जी वाक्यं लिहिलेली असतात, त्यांचा इतिहास आपण पाहणार आहोत. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा ते वाक्य रोज वाचतो आणि पुढे निघून जातो. तो का थांबत नाही, याचं उत्तर त्या वाक्याच्या जन्मातच आहे असं आम्हाला वाटतं.

सुरुवात १९७५ पासून करू. त्या वर्षी झालेल्या कायद्याने पाकिटावर आरोग्याचा इशारा छापणं सक्तीचं केलं. पण तो कायदा फक्त सिगारेटपुरता होता. तेव्हापासून सरकारी भिंतीवर तंबाखू म्हटलं की पेटलेली सिगारेट आणि तिच्यावर लाल फुली, हे चित्र रूढ झालं. आता २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीतले महाराष्ट्राचे आकडे बघा. प्रौढांपैकी ३.८ टक्के लोक धूम्रपान करत होते, तर २४.४ टक्के लोक धूर नसलेली तंबाखू वापरत होते. झाडीपट्टीत ही दुसरी तंबाखू म्हणजे मुख्यतः खर्रा. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना एकत्र करून पानठेल्यावर घोटायचा आणि पन्नीत बांधून द्यायचा. पाकिटांवर २००९ पासून चित्रमय इशारे आले, पण पन्नीला पाकीटच नाही. तो इशारा खर्रा खाणाऱ्यापर्यंत पोचतच नाही. म्हणजे फाटकावरची सिगारेट पाहून मुलगा म्हणतो, हे माझ्याबद्दल नाहीच. आणि त्याचं काही चुकत नाही.

दुसरा टप्पा २००३ च्या कायद्याचा. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही आणि अठरा वर्षांखालच्या कोणाला विकायची नाही, असं त्यात आलं. शाळेने तसा फलक लावायचा आणि त्यावर दोनशे रुपयांपर्यंतच्या दंडाचा उल्लेख करायचा, असा नियम झाला. हा फलक बोलतो विक्रेत्याशी. मुलगा नुसता साक्षीदार असतो. शंभर यार्ड म्हणजे साधारण एक्क्याण्णव मीटर. तेवढ्यात पानठेला उभा असेल, तर मुलगा रोज एकच गोष्ट शिकतो: मोठ्यांनी लिहिलेलं मोठेच पाळत नाहीत. त्याच फलकाखाली 'मुलांनो, व्यसनापासून दूर राहा' असं रंगवलं, तर त्याला हसू येणारच.

आता जरा बाहेर जाऊ. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याला तंबाखू कंपन्यांशी झालेल्या तडजोडीतून पैसा मिळाला आणि १९९८ मध्ये तिथे एक मोहीम सुरू झाली. तिची भाषा ठरवताना किशोरवयीन मुलांनाच बसवलं होतं. 'ओढू नका' असं ती मोहीम म्हणत नव्हती. कंपन्यांनी तुमच्यापासून काय लपवलं, एवढंच ती सांगत होती. दोन वर्षांत तिथल्या माध्यमिक शाळेच्या खालच्या वर्गांत सिगारेट ओढणाऱ्यांचं प्रमाण १८.५ टक्क्यांवरून ११.१ टक्क्यांवर आलं. त्या काळात सिगारेटी महागही झाल्या होत्या, म्हणून सगळं श्रेय घोषणांना देता येत नाही. पण त्याच सुमारास एका सिगारेट कंपनीनेही 'विचार करा, ओढू नका' अशा अर्थाची मोहीम काढली होती. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की ती जाहिरात पाहिलेली मुलं सिगारेटपासून दूर गेली नव्हती, उलट पुढे ओढून बघण्याकडे त्यांचा कल थोडा अधिकच होता.

मग फ्लोरिडाचा धडा जसाच्या तसा गडचिरोलीत लावायचा का? इथे अडचण आहे. तिथे समोर दूरची, श्रीमंत कंपनी होती. इथे खर्रा घोटणारा शेजारचा काका असतो. मे महिन्याच्या उन्हात तेंदूपत्ता तोडून पुडे बांधणारी स्वतःची आई असते आणि तो पत्ता बिडीला जातो. 'तंबाखूवाले खुनी' असं फाटकावर लिहिलं, तर ते मुलाच्या घरावर जाऊन पडतं. राग आणायचा म्हणून लिहिलेलं वाक्य त्याला लाज आणतं.

यावर याच भागात एक वेगळी वाट निघालेली आहे. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगाव ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाले. तेंदूपत्त्यातून चांगली मिळकत होत असूनही गावाने तो तोडणं बंद करायचं ठरवलं. पत्त्यासाठी फांद्या छाटल्या जातात, जंगलात आगी लावल्या जातात आणि शेवटी त्याची बिडी होते, ही त्यामागची कारणं. गडचिरोलीत २०१६ पासून चाललेल्या मुक्तिपथ अभियानातही गावाने बसून विक्रीबद्दल स्वतः ठरवायचं, यावर भर आहे. दोन्हीकडे वाक्य बाहेरून आलेलं नाही. माहिती समोर ठेवली आणि निर्णय ज्याचा त्याच्याकडे राहिला.

हीच रीत फाटकावर कशी उतरवायची? एक घोषणा घेऊन बघू. 'तंबाखू खाऊ नका, कॅन्सर होतो.' इथे खर्रा हा शब्दच नाही. कॅन्सर पंधरा वर्षांच्या मुलाला चाळिशीनंतरची गोष्ट वाटते. आणि 'नका' म्हटल्यावर संवाद तिथेच संपतो. आता खर्र्यातल्या सुपारीकडे बघा. सुपारीने तोंडाची आतली त्वचा हळूहळू कडक होते आणि तोंड उघडणं कमी होतं. हे तरुण वयातही होतं. म्हणून आम्ही असं लिहू: 'तीन बोटं उभी धरून दातांच्या मध्ये घालून बघ. जात नसतील, तर खर्र्यातली सुपारी हे एक कारण असू शकतं. दाताच्या डॉक्टरांना दाखव.' इथे मुलगा स्वतः तपासतो, कोणी त्याला रागवत नाही. पण याला मर्यादा आहे. तोंड उघडतंय म्हणजे सगळं ठीक, असा अर्थ कोणी काढेल. म्हणून खाली आणखी एक ओळ हवी: 'आज जातात, म्हणजे उद्याही जातील असं नाही.' शिवाय ज्याचं तोंड खरंच उघडत नाही, त्याला नुसतं घाबरवून सोडता येत नाही. त्याच फलकावर तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक १८००-११-२३५६ मोठ्या अक्षरांत हवा.

दुसरं वाक्य पैशाचं. 'एक खर्रा ... रुपये. महिन्याचे किती? हिशोब तूच कर.' मधली जागा रिकामी ठेवायची आणि गावातला चालू भाव मुलांनीच खडूने लिहायचा. समजा वीस रुपये. रोज एक धरला तरी महिन्याचे सहाशे होतात. छापील आकडा वर्षभरात जुना होतो आणि मुलं म्हणतात, यांना भावसुद्धा माहीत नाही.

तिसरं वाक्य कायद्याचं, पण मुलाकडे तोंड करून. 'इथून शंभर यार्ड मोजून बघ. मध्ये पानठेला दिसला, तर नियम मोठ्यांनी मोडलाय, तू नाही.' हे वाक्य लावायचं असेल तर शाळेने आधी ठेलेवाल्याशी बसून बोललं पाहिजे. नाहीतर मुलाला भांडणात पुढे ढकलल्यासारखं होईल.

वाक्य जमलं की नाही, हे कसं ओळखायचं? ते फाटकावर चढवण्याआधी आठवी-नववीच्या चार-पाच मुलांना द्यावं आणि शिक्षकांनी बाजूला व्हावं. 'हे कोण बोलतंय आणि कोणाला?' एवढंच विचारायचं. 'सर बोलतात, वाईट पोट्ट्यांना,' असं उत्तर आलं, तर वाक्य पुन्हा लिहायचं. भामरागड, एटापल्लीकडे तेच वाक्य माडियात सांगायला मुलांना सांगायचं. सांगताना ते जिथे अडखळतात, तिथला शब्द सरकारी आहे असं समजायचं आणि त्यांच्या तोंडचा शब्द फलकावर घ्यायचा.