शेतापर्यंत पोहोचलेला रेडिओ : निर्वात नलिकेपासून ट्रान्झिस्टरपर्यंत

यवतमाळ जिल्ह्यातील जुन्या पिढीच्या बोलण्यात ‘ट्रान्झिस्टर’ म्हणजे खिशाएवढा किंवा पट्ट्याने खांद्याला अडकवता येणारा रेडिओ. वस्तुतः हे नाव रेडिओच्या आतील एका इवल्याशा भागाचे आहे. भागाचे नाव संपूर्ण यंत्राला मिळाले, कारण त्या भागामुळेच रेडिओ दिवाणखान्यातून निघून कापसाच्या शेतापर्यंत जाऊ शकला.

त्यापूर्वीचा रेडिओ निर्वात नलिकांवर, म्हणजेच व्हॉल्व्हवर चालत असे. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीत ऋणाग्र तापवले की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि धनाग्राकडे धावतात. मधल्या जाळीवरील विद्युतदाब किंचित बदलला, तरी हा प्रवाह मोठ्या प्रमाणात बदलतो. एरिअलवर येणारा क्षीण संदेश याच रीतीने बळकट केला जाई. मात्र त्यासाठी ऋणाग्र सतत तापते ठेवावे लागे, आणि इलेक्ट्रॉन ओढून घेण्यासाठी धनाग्राला मोठा दाब द्यावा लागे.

नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले. त्या काळी वीज न पोहोचलेल्या गावात रेडिओ ऐकायचा तर बॅटरीवरचा व्हॉल्व्ह सेट हाच पर्याय होता. चार व्हॉल्व्हच्या अशा सेटला तंतू तापवण्यासाठी दीड व्होल्टची एक आणि धनाग्रांसाठी साधारण ९० व्होल्टची दुसरी, अशा दोन बॅटऱ्या लागत. तंतू पाव अँपिअरच्या आसपास प्रवाह घेत, म्हणजे जवळजवळ ०.४ वॅट. ९० व्होल्टच्या बॅटरीतून १० मिलिअँपिअर प्रवाह गेला, तर आणखी ०.९ वॅट. यातील तंतूंचा खर्च निव्वळ उष्णतेसाठी होता आणि आवाज कितीही कमी केला तरी तो टळत नसे.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी डिसेंबर १९४७ मध्ये पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. विल्यम शॉकली यांनी त्याचा अधिक टिकाऊ प्रकार सुचवला. जर्मेनियमच्या स्फटिकात विद्युतभार खोलीच्या तापमानालाच वाहू शकतात, त्यामुळे तापवण्याची गरजच उरली नाही. ‘आधार’ या मधल्या पातळ थरातून अल्प प्रवाह सोडला की उत्सर्जकाकडून संग्राहकाकडे त्याच्या कितीतरी पट प्रवाह वाहतो. हे काम काही व्होल्टवर होते. म्हणून ६ व्होल्टच्या लहान सेटमध्ये हळू आवाजात १० ते २० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०६ ते ०.१२ वॅट खर्च पुरेसा ठरतो. वरच्या व्हॉल्व्ह सेटच्या तुलनेत हा खर्च दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी. बॅटरी लहान झाली, म्हणून पेटी लहान झाली. ऑक्टोबर १९५४ मध्ये अमेरिकेत जाहीर झालेल्या ‘रिजन्सी टीआर-१’ या खिशातल्या रेडिओत अवघे चार ट्रान्झिस्टर होते.

परंतु जर्मेनियमला एक मोठी मर्यादा होती, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात ती विशेष जाणवण्यासारखी होती. आधाराला संदेश नसतानाही ट्रान्झिस्टरमधून थोडा प्रवाह झिरपत राहतो. जर्मेनियममध्ये तापमान दर सुमारे १० अंशांनी वाढले की ही गळती दुप्पट होते. २५ अंशांना ती पाव मिलिअँपिअर असेल, तर ४५ अंशांना एक आणि उन्हात ठेवलेल्या पेटीत ५५ अंश झाल्यास दोन मिलिअँपिअर होते. वाढलेल्या प्रवाहाने ट्रान्झिस्टर आणखी तापतो, तापल्याने गळती आणखी वाढते, आणि हे चक्र आवरले नाही तर तो जळतो. भर दुपारी आवाज फाटणे, बॅटरी लवकर उतरणे आणि सायंकाळी गारवा आल्यावर सेट पुन्हा सुरळीत वाजणे, ही या दोषाची ओळखीची खूण.

त्यावर उपाय म्हणून उत्सर्जकाच्या मार्गात एक रोध घालत. प्रवाह वाढला की या रोधावरील दाब वाढतो आणि ट्रान्झिस्टरला आपोआप लगाम बसतो. स्पीकर चालवणाऱ्या टप्प्यात बहुधा थर्मिस्टरही असे. उष्णतेने त्याचा रोध घटतो आणि आधाराला मिळणारा दाब कमी होतो.

खरी सुटका सिलिकॉनमुळे झाली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या गॉर्डन टील यांनी १९५४ मध्ये सिलिकॉन ट्रान्झिस्टर जाहीर केला. त्याची गळती जर्मेनियमच्या मानाने नगण्य असते. जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर ७५ ते ८५ अंशांच्या पुढे टिकत नाही, सिलिकॉनचा मात्र १५० अंशांच्या आसपासही काम करतो. आरंभी तो महाग होता. १९५९ मध्ये सपाट चकतीवर एकाच वेळी अनेक ट्रान्झिस्टर घडवण्याची पद्धत विकसित झाली आणि पुढे किंमत उतरत गेली. याच पद्धतीतून एका चकतीवर अनेक ट्रान्झिस्टर जोडलेली चिप तयार झाली. आजच्या मोबाइलमध्येही असेच, पण अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात.

व्हॉल्व्ह मात्र पूर्णपणे नाहीसा झाला नाही. मायक्रोवेव्ह भट्टीतील मॅग्नेट्रॉन ही आजही एक निर्वात नलिकाच आहे. जेथे मोठी शक्ती हवी तेथे ती टिकून राहिली. जे खिशात मावायला हवे, ते ट्रान्झिस्टरच्या वाट्याला आले.