पॅरेटोचा नसलेला पॅरेटो आलेख

वसई पूर्वेला वालीव, गोखिवरे या भागात लहान लहान कारखाने दाटीवाटीने उभे आहेत. त्यांपैकी एखाद्यात प्लास्टिकची झाकणे तयार होतात आणि आठवडाभरात २०० सदोष निघाली असे समजू. आकडे आम्ही सोयीसाठी घेतले आहेत. ८८ झाकणांवर ओरखडे, ५६ च्या कडेला जास्तीचे प्लास्टिक, २४ साचा पुरता न भरल्याने अपुरी, १८ रंगात फरक पडलेली आणि १४ इतर. सगळेच दोष एकदम दूर करायला माणसे नाहीत. सुरुवात कुठून करायची?

हा प्रश्न १९२४ साली अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात रुजू झालेल्या जोसेफ जुरान यांच्यापुढेही होता. दोषांच्या याद्या पाहताना त्यांना दिसले, की थोडेच दोष बहुतेक नुकसान करतात. पुढे इटालियन अर्थशास्त्रज्ञ विल्फ्रेडो पॅरेटो (१८४८-१९२३) यांनी केलेला उत्पन्नाच्या विषम वाटणीचा अभ्यास त्यांच्या वाचनात आला आणि आपल्या निरीक्षणाला त्यांनी पॅरेटोंचे नाव दिले. १९५१ च्या त्यांच्या गुणवत्ता-नियंत्रणावरील ग्रंथातून ते सर्वत्र पसरले.

आता आलेख काढू. दोष उतरत्या क्रमाने मांडून स्तंभ काढायचे. 'इतर' मात्र नेहमी शेवटी, कारण तो एक दोष नसून अनेकांचे गाठोडे असते. मग टक्केवारीची बेरीज करत जायचे: ४४, ७२, ८४, ९३, १००. हे बिंदू जोडणारी रेषा सुरुवातीला झपाट्याने चढते, मग सपाट होत जाते. पहिल्या दोन दोषांतच ७२ टक्के झाकणे आली. (८०:२० हा काही निसर्गनियम नव्हे!) सगळे स्तंभ जवळपास सारखेच निघाले, तर वर्गवारी बदलून पाहावी. यंत्रानुसार किंवा पाळीनुसार मोजल्यावर कधी कधी फरक उघडा पडतो.

पण इथे घाई नको. ओरखडा पुसायला ५० पैसे लागतात, कड कापायला १ रुपया. अपुरे किंवा चुकीच्या रंगाचे झाकण फुकट जाते, तोटा ६ रुपये. इतरांचा सरासरी २ रुपये धरू. आता रुपयांत मोजू: अपुरी १४४, रंग १०८, कड ५६, ओरखडे ४४, इतर २८. एकूण ३८०. संख्येत पहिला असलेला ओरखडा चौथा झाला! आमच्या मते आलेख काढण्यापूर्वी उभ्या अक्षावर काय मोजायचे, हे ठरवणेच अवघड काम आहे.

नावाचे मात्र एक राहिले. पॅरेटोंनी कारखान्यातील दोषांचा विचार केला नव्हता, आणि बेरजेच्या ज्या वक्ररेषा जुरानांनी त्यांच्या नावावर दिल्या, त्या मॅक्स लॉरेन्झ यांनी १९०५ मध्ये मांडलेल्या होत्या. १९७५ साली एका लेखात जुरान यांनी ही चूक जाहीरपणे कबूल केली. तोवर नाव इतके रुळले होते, की ते बदलले नाही.