रॉकेलच्या डब्याचा दुसरा जन्म

आपल्या घरांतील वस्तूंचा इतिहास कुणी लिहावयास घेतला, तर रॉकेलच्या रिकाम्या डब्याला त्यात एक स्वतंत्र प्रकरण द्यावे लागेल. समई, पाटा-वरवंटा, पितळी पिंप यांची वर्णने आपण कौतुकाने वाचतो. परंतु ज्या चौकोनी डब्याने तीन-चार पिढ्या पाणी भरले, तांदूळ राखले आणि तुळस वाढवली, तो मात्र भंगाराच्या वहीतच राहिला. त्या डब्यापायी एका धोरणी व्यापाऱ्याचा हिशेब चुकला होता, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असेल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेची स्टँडर्ड ऑइल कंपनी पूर्वेकडील देशांना दिव्याचे तेल पाठवीत असे. ते पत्र्याच्या चौकोनी डब्यांत भरलेले असे आणि लाकडाच्या एकेका खोक्यात असे दोन डबे बसत. डबा साधारण सव्वानऊ इंच लांब-रुंद आणि चौदा इंच उंच. तेल सुमारे १८ लिटर. लंडनचा व्यापारी मार्कस सॅम्युएल याने विचार केला की, डब्यांचा आणि खोक्यांचा हा खर्च हवाच कशाला? त्याने तेल थेट जहाजाच्या टाक्यांत भरले आणि ऑगस्ट १८९२ मध्ये ‘म्युरेक्स’ नावाचे त्याचे जहाज रशियाचे तेल घेऊन सुएझच्या कालव्यातून पूर्वेकडे आले. स्वस्त तेल म्हटल्यावर लोक आपापली भांडी घेऊन धावत येतील, असा त्याचा अंदाज होता.

लोक आले नाहीत. त्यांना तेल हवे होते हे खरे. पण त्याबरोबर स्टँडर्डचा तो निळा डबाही हवा होता. तेल जळून जाई, डबा उरे. त्याची बादली होई, चूल होई, घरावरचा पत्रा होई. लंडनच्या हिशेबात जो निव्वळ खर्च होता, तो गिऱ्हाइकाच्या हिशेबात मालाचाच एक भाग होता. सॅम्युएलला हे उमगले तेव्हा त्याने घाईघाईने पत्रा मागवला, ठिकठिकाणी डबे तयार करविले आणि त्यांना झगझगीत लाल रंग दिला. दूरच्या प्रवासात पोचे पडलेल्या निळ्या डब्यापेक्षा हा कोरा लाल डबा लोकांच्या डोळ्यांत अधिक भरला. आपल्याकडे तर पुढे १९२० मध्ये या डब्यांच्या पत्र्यासाठीच बर्मा ऑइल आणि टाटा यांनी मिळून जमशेदपूरजवळ गोलमुरी येथे कारखाना उभारण्याचे ठरविले. रिकाम्या डब्याची पत ही अशी होती.

आता हा पत्रा म्हणजे काय, ते पाहू. लोखंडाच्या पातळ पत्र्यावर दोन्ही अंगांनी कथलाचा थर, म्हणजे आपल्या पातेल्याला असते तशी कल्हईच. हा थर अखंड आहे तोवर गंज दूर राहतो. परंतु जस्ताच्या बादलीप्रमाणे तो लोखंडासाठी स्वतः झिजत नाही. ओरखडा पडला की उघडे पडलेले लोखंड आधी गंजते. म्हणून डबा नेहमी दोन जागी मरतो: कापलेल्या काठाशी आणि तळाच्या सांध्याशी. जुने कारागीर हे जाणून होते. ते वरचे झाकण काठापासून बोटभर आत कापीत, उरलेली कड आतल्या बाजूस तारेवर दुमडीत आणि लाकडी हातोडीने ठोकून बसवीत. त्यामुळे हात कापत नसे आणि कडही टिके. मग आडवा लाकडी दांडा ठोकला की पाण्याचा डबा तयार. एक दांडा खांद्यावर आणि दोन टोकांना दोन डबे अशी कावड घेतली की एका खेपेला ३६ लिटर पाणी घरात येई.

माझ्या आजोळी माळ्यावर अशा डब्यांची ओळच होती. आजी डब्याची परीक्षा घेई ती अशी: डब्यात पाणी भरायचे, बाहेरून कोरडा पुसायचा आणि रात्रभर कोरड्या राखेवर ठेवायचा. सकाळी राख जिथे काळवंडली असेल, तिथे छिद्र. मग डाग देणाऱ्याची वाट पाहायची. त्यालाही एक पथ्य असे. रिकाम्या दिसणाऱ्या डब्यात रॉकेलची वाफ उरलेली असते आणि तापलेल्या कैयेने ती भडकते. म्हणून डाग द्यायची जागा सोडून बाकी डबा पाण्याने भरून घ्यावयाचा.

धान्यासाठी डबा घ्यायचा तर आधी सोड्याच्या कढत पाण्याने धुवायचा, मग राखेने घासायचा आणि सांध्यातला वास जाईपर्यंत आठवडाभर उन्हात उपडा ठेवायचा. त्यात चौदा किलोच्या आसपास तांदूळ मावत. मात्र लोणचे, चिंच, ताक असले आंबट पदार्थ त्यात कधी ठेवीत नसत. त्या डागात कथलाबरोबर शिसे असे आणि आंबटाने ते अन्नात उतरते. आजीला शिशाचे नाव ठाऊक नव्हते. “आंबट डब्याला खातं” एवढेच ती म्हणे.

डबा गळू लागला की त्याची रवानगी अंगणात होई. तळाला खिळ्याने पाच-सहा भोके पाडून त्यावर खापरांचा थर द्यायचा, वर माती आणि शेणखत भरायचे. डबा जमिनीवर न ठेवता दोन विटांवर ठेवायचा. नाहीतर भोके बुजतात आणि तळ पहिल्याच पावसाळ्यात जातो. तुळस, मिरची, एखादे वांगे यांना हा डबा पुरतो. डबा आडवा करून वरची एक बाजू कापली, तर त्यात कोथिंबीर आणि मेथी चांगली येते. त्याचा खरा शत्रू म्हणजे उन्हाळ्यातले पश्चिमेचे ऊन. पत्रा तापतो आणि त्याला टेकलेली मुळे होरपळतात. माती ओली असूनही दुपारी पाने मान टाकू लागली, तर डब्याभोवती ओले गोणपाट गुंडाळावे.

तळ अगदीच गेला, की शेवटचा जन्म छपरावर. डबा उभा चिरून उलगडला की सुमारे साडेतीन चौरस फुटांचा पत्रा मिळतो. एकावर एक चढ देऊन दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोपटाला असे चाळीसेक डबे लागतात. गंजून भोके पडेपर्यंत तो तिथे राही.

बर्मा-शेल जाऊन १९७६ पासून तिचा कारभार सरकारकडे आला, दिव्याचे तेलही घराघरांतून गेले. खाद्यतेलाचा १५ किलोचा डबा मात्र अजून जवळपास त्याच मापाचा आहे. गेल्या वर्षी वर्गातील मुलांकडून मी अशा सहा डब्यांत मिरच्या लावविल्या. ज्या डब्यांची कड मुलांनी नीट दुमडली नव्हती, त्या दोहोंवर दिवाळीपर्यंत तांबूस रेघ उमटली; चार अजून स्वच्छ आहेत. विकत घेताना रिकाम्या डब्याची किंमत मनात धरणारे ते जुने गिऱ्हाईक अडाणी नव्हते. ती वस्तू पुढे कुठेकुठे जाणार, हे ते दुकानातच ठरवून येत असे. आपण ते ठरविणे सोडले, तेव्हाच तिचा कचरा झाला.