मंदाकिनीचा चेहरा, मग कृष्णाचा मुकुट : ‘कालिया मर्दन’चा प्रारंभ

थ्रेड 🧵

१/ चित्रपटाचे शीर्षकदृश्य पुढील कथेचा सूर लावून देते. ही जाण मराठी मातीत किती जुनी, याचे उत्तर १९१९ सालच्या एका मूकपटात सापडते. दादासाहेब फाळके यांचा ‘कालिया मर्दन’. नाशिकच्या हिंदुस्थान फिल्म कंपनीची ही निर्मिती. तिची आज उपलब्ध असलेली प्रत तासाभराच्या आत संपते.

२/ या चित्रपटाच्या आरंभी गोकुळही नाही आणि यमुनाही नाही. आहे ती साध्या वेशातील एक लहान मुलगी. सात वर्षांच्या मुलीचे हे मुखाभिनय आहेत, असे पाटी सांगते आणि ती मुलगी कॅमेऱ्यासमोर एकामागून एक भाव दाखवू लागते. ही फाळके यांची कन्या मंदाकिनी. पुढे तिचा चेहरा तिथेच राहतो आणि पाहता पाहता तिच्या ठायी कृष्णवेश प्रकटतो.

३/ ही योजना का केली असावी? ‘राजा हरिश्चंद्र’च्या आज पाहावयास मिळणाऱ्या प्रतीत राजा आपल्या पुत्राला धनुर्विद्या शिकवताना दिसतो, प्रेक्षक थेट पुराणात प्रवेश करतो. ‘कालिया मर्दन’ मात्र आधी नटी दाखवतो, मग देव. संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला ही रीत परिचित होती. तेथेही सूत्रधार व नटी आधी येत आणि आता नाटक होणार, हे सांगत.

४/ परिणाम पुढील प्रसंगांत दिसतो. हा कृष्ण लोणी चोरतो. एका धनिकाच्या शयनगृहात शिरून त्याची दाढी पत्नीच्या केसांना बांधतो. ज्याने आरंभीची मुलगी पाहिली, तो या खोड्यांकडे घरातल्या मुलाच्या खोड्यांसारखा पाहतो. अखेरीस तेच मूल कालियाशी झुंजते, तेव्हा त्याची काळजीही वाटते. आरंभीचा हा भाग कापून टाकला तर कथा तशीच राहील. तिच्याकडे पाहण्याची दृष्टी मात्र बदलेल.

५/ आता तंत्राकडे वळू. एका प्रतिमेचे दुसरीत विरघळणे, म्हणजे डिझॉल्व्ह, त्या काळी कॅमेऱ्यातच साधत. कॅमेरा हाताने फिरवायचा. हँडलच्या एका फेऱ्यात साधारण ८ चौकटी टिपल्या जात, म्हणून सेकंदाला दोन फेरे घेतले की १६ चौकटी होत.

६/ समजा, विरघळण्यास ४ सेकंद द्यायचे आहेत. पहिले दृश्य टिपताना शेवटच्या ८ फेऱ्यांत भिंगाचे छिद्र हळूहळू बंद करायचे. मग भिंग झाकून फिल्म तेवढेच ८ फेरे मागे घ्यायची. नटीला वेश चढवून पुन्हा त्याच जागी बसवायचे आणि त्याच ६४ चौकटींवर छिद्र हळूहळू उघडत दुसरे दृश्य टिपायचे.

७/ फेरे मोजण्यात चूक झाली, तर मध्ये काळोखाची फट पडते किंवा दोन प्रतिमा नको तिथे एकमेकींवर चढतात. मान किंचित हलली, तर चेहरा उडी मारतो. वेश चढेपर्यंत ऊन सरकले, तर गालावरची सावली बदलते. फिल्म धुतल्यावाचून यातले काहीच कळत नसे. सात वर्षांच्या मुलीला हे साधावे लागले, हे विशेष.

८/ उरली पाटीवरील अक्षरे. फाळके मुळात छपाईच्या धंद्यातले; चित्रपटांपूर्वी त्यांचा स्वतःचा छापखाना होता. ‘राजा हरिश्चंद्र’च्या पाट्या हिंदी व इंग्रजी अशा दोन भाषांत होत्या. त्या काळची एक रूढ पद्धत अशी : पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळी अक्षरे काढून त्यांचे चित्रण करायचे आणि निगेटिव्हच प्रतीत जोडायचे. पडद्यावर काळ्यावर पांढरी अक्षरे उमटत.

९/ या पद्धतीत देवनागरीची खास अडचण होते. पडद्यावर पांढरा प्रकाश कडांबाहेर पसरतो. त्यामुळे ‘भ’, ‘ध’ यांसारख्या अक्षरांतील पोकळ जागा भरून येतात आणि बारीक अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो. शिवाय मात्रा वर व उकार खाली असल्याने दोन ओळींत रोमन लिपीपेक्षा अधिक अंतर सोडावे लागते. म्हणजे त्याच पाटीवर शब्द कमी मावतात.

१०/ वेळेचेही गणित होते. ढोबळ हिशेब शब्दामागे एक फूट फिल्म, म्हणजे १६ चौकटी, सुमारे एक सेकंद. पण येथील अनेक प्रेक्षकांना वाचता येत नसे. कोणीतरी पाटी मोठ्याने वाचून दाखवी. त्यामुळे पाटीवर शब्द मोजके असणे आणि ती थोडी अधिक थांबणे भाग होते.

११/ म्हणूनच ‘कालिया मर्दन’चा आरंभ शहाणपणाचा ठरतो. शब्दांवर टाकलेला भार त्याने एका पाटीपुरता ठेवला आणि सूर लावण्याचे उरलेले काम चेहऱ्याकडे सोपवले. पाटी वाचता न येणाऱ्यालाही पहिल्या काही क्षणांतच कळत असे : हा देव म्हणजे एक मूल आहे, आणि ते मूल आता आपल्यासाठी खेळणार आहे.