‘हंगामी’ : कायद्यातला एक शब्द आणि रोलरखालचा हात

गळीत हंगाम सुरू झाला की गव्हाणीत मोळी टाकणाऱ्या पुढाऱ्यांचे फोटो पेपरात येतात. ती मोळी पुढे जिथे जाते त्या मिल हाऊसचा फोटो सहसा येत नाही. सहकाराच्या इतिहासावर पानेच्या पाने लिहिली गेली, पण रोलरजवळ उभ्या असलेल्या माणसाचा इतिहास लिहायचा तर तो कायद्यातल्या एका शब्दातून लिहावा लागतो. तो शब्द म्हणजे ‘हंगामी’.

आधी रोलर. एका मिलमध्ये मुख्य तीन रोलर असतात आणि अशा चार-सहा मिल एकापुढे एक उभ्या असतात. रोलर मिनिटाला चार-पाच फेरेच घेतो. नवख्या माणसाला वाटते, एवढ्या संथ यंत्राला काय भ्यायचे? हिशेब करून पाहा. मीटरभर व्यासाच्या रोलरचा पृष्ठभाग सेकंदाला वीसेक सेंटीमीटर पुढे सरकतो. म्हणजे बोटे अडकल्यापासून कोपरापर्यंत हात जायला दोन-अडीच सेकंद. वरचा रोलर हायड्रॉलिक दाबाने खाली रेटलेला असतो, त्यामुळे ओढून हात सुटत नाही. कोणी ओरडले, कोणी बटण दाबले, तरी गिअरचे अवजड चाक थांबेपर्यंत ते दोन सेकंद संपलेले असतात.

हात तिथे जातो कशाला? चुटमध्ये ऊस तुंबतो म्हणून. मिल थांबवली की मागची सगळी साखळी थांबते, गव्हाणीतला ऊस वाळतो, रस आंबतो, त्या दिवसाचे गाळप कमी भरते. म्हणून चालू मिलवर पहारीने तुंबा काढला जातो. रोलरचे दात गुळगुळीत झाले की त्यांनी ऊस पकडावा म्हणून फिरत्या रोलरवरच वाकून वेल्डिंगचे ठिपके मारले जातात. माणूस बेफिकीर असतो म्हणून हात जातो, हे सांगायला सोपे आहे. खरे तर मिल न थांबवण्याची किंमत त्याच्या हातावर टाकलेली असते.

ही रीत नवी नाही. कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम उभ्या रोलरांच्या चरकात हाताने ऊस घालत. रात्रंदिवस गाळप चाले, झोपेने डोळा लागला की बोटे आत जात. चरकाशेजारी कुऱ्हाड ठेवलेली असे, अडकलेल्याचा हात तोडून जीव वाचवण्यासाठी. व्हॉल्टेअरने १७५९ साली ‘कांदीद’मध्ये सुरिनामचा हात गमावलेला गुलाम उभा केला तो यातूनच. चरक थांबवण्याची सोय करण्याऐवजी कुऱ्हाड ठेवणे मालकाला स्वस्त वाटले.

आपल्याकडे १९३२ साली साखर उद्योगाला संरक्षण मिळाले आणि कारखाने भराभर उभे राहिले. नगर, पुणे, सोलापूर जिल्ह्यांत कालव्याच्या पाण्यावर खासगी कंपन्यांचे गाळप सुरू झाले. त्याच सुमारास, १९३४ साली, नवा फॅक्टरी कायदा आला. त्याने कारखान्यांचे दोन वर्ग केले : बारमाही आणि हंगामी. सरकी काढणे, रुई दाबणे, कॉफी, नीळ, लाख, रबर, चहा यांच्या रांगेत साखर आणि गूळ ‘हंगामी’त बसवले. बारमाही कारखान्यात आठवड्याला ५४ तास, हंगामीत ६०. बारमाहीत दिवसाला १० तास, हंगामीत पुरुषाला ११. थोडेच महिने काम आहे, तेव्हा जास्त राबले तर काय बिघडते, असा हा न्याय. रोलरला मात्र हंगाम कळत नाही. अकराव्या तासाला माणसाची नजर जड होते आणि रोलर पहिल्या तासाच्याच वेगाने फिरत असतो.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्याचे तास ४८ वर आले आणि जादा कामाला दुप्पट दर लागला, हे आपण दर जयंतीला सांगतो. त्याच दुरुस्तीने हंगामी कारखान्याचे तास ६० वरून ५० वर आणि दिवसाचे ११ वरून १० वर आणले, हे फारसे कोणी सांगत नाही. फरक चार तासांनी कमी झाला, पण दोन तासांचा राहिला. तो १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने संपवला, तिथे हंगामी-बारमाही हा भेदच काढून टाकला.

पण त्याच १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा झाला. त्यात ‘हंगामी कारखाना’ पुन्हा आला, जवळपास तीच यादी घेऊन, आणि असे कारखाने कायद्याबाहेर ठेवले गेले. याची मुळे बाबासाहेबांच्याच खात्याने नेमलेल्या अडारकरांच्या आराखड्याच्या काळातली आहेत. वर्गणी बाराही महिने येत नाही, म्हणून तेव्हा योजना बारमाही कारखान्यांपुरतीच आखली गेली. सुरुवातीची अडचण म्हणून ते समजण्यासारखे आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हंगामी कारखाना विम्याबाहेरच आहे, याला मात्र अडचण म्हणता येत नाही.

फरक किती पडतो? तीस वर्षांच्या, १५,००० रुपये पगाराच्या कामगाराचा एक हात मनगटातून गेला असे धरा. परिशिष्टात याला ६० टक्के अपंगत्व धरतात. विमा असता तर पगाराच्या ९० टक्क्यांचे ६० टक्के, म्हणजे सुमारे ८,१०० रुपये, महिन्याला मरेपर्यंत मिळाले असते. विमा नाही म्हणून भरपाईचा कायदा लागतो : पगाराचे ६० टक्के गुणिले वयाचा २०७.९८ हा गुणक, त्याचे ६० टक्के, म्हणजे ११,२३,०९२ रुपये, एकदाच. रक्कम मोठी दिसते, पण ८,१०० च्या हिशेबाने ती साडेअकरा वर्षांत संपते. तेव्हा माणूस बेचाळिशीचाही नसतो. शिवाय मालकाने वाद घातला तर आयुक्तापुढे हेलपाटे.

सगळे अपघात इतके झटपट कळतही नाहीत. मिलमधून निघालेल्या बगॅसमध्ये निम्मे पाणी असते. पुढच्या हंगामात बॉयलर पेटवायला ठेवलेला ढीग वरून वाळतो आणि आतून आंबून तापतो. वर विरळ धूर आणि जळका वास, एवढीच खूण. वरून मारलेले पाणी आत पोचत नाही, ढीग फोडला की हवा मिळून भडका उडतो आणि आत जळून पोकळी झाली असेल तर ढिगावर चढलेला माणूस आत कोसळतो. इव्हॅपोरेटरचेही तसेच. नळ्यांवर बसलेला थर खरवडायला माणूस मॅनहोलमधून भांड्यात उतरतो. शेजारचे भांडे चालू असेल आणि मधला व्हॉल्व्ह गळत असेल, तर वाफ त्याच्याकडे येते. व्हॉल्व्हच्या अलीकडचा पाइप हाताला गरम लागला की समजायचे, तो बंद दिसतो पण बंद नाही. उपाय एकच, जोडणीत लोखंडी ब्लँक घालणे. त्याला तास-दोन तास लागतात. ते तास कोणाच्या खात्यावर मांडायचे, यावर सगळे अडते.

आता आपल्या भागातल्या कारखान्यात जा आणि एक यादी करा. कायम कोण, ‘हंगामी कायम’ कोण, ठेकेदाराकडून आलेला कोण. रिलिव्हर आला नाही तर दुसरी पाळी कोण करतो. इव्हॅपोरेटरमध्ये कोण उतरतो, बगॅसच्या ढिगावर कोण चढतो. नावापुढे गाव आणि वस्ती लिहा. कारखान्याच्या अपघात नोंदवहीची प्रत मागा आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचा.