अक्षरांना आणि आकड्यांना रंग दिसतात? सिनेस्थेशिया म्हणजे काय

समजा, सातवीत शिकणारी एक मुलगी गणिताचा पेपर तपासून घरी आणते. आई विचारते, "चार आणि सातात गोंधळ कसा झाला?" मुलगी सहज सांगते, "अगं, दोन्ही जवळजवळ एकाच रंगाचे आहेत ना, हिरवट." आईला आधी वाटते, ही थट्टा करते आहे. मग ती विचारत जाते. ५ लाल, ३ पिवळा, 'म' गडद निळा, 'स' पांढरा. मुलीला वाटत होते की सगळ्यांनाच असे दिसते. आता आईला झोप नाही: हा भास आहे का? डोळ्यांचा दोष आहे का? मानसिक आजाराची सुरुवात तर नाही?

बहुतेक वेळा यापैकी काहीही नसते. या अनुभवाला सिनेस्थेशिया म्हणतात. एका संवेदनेबरोबर दुसरी संवेदना आपोआप जागी होते. अक्षरे व आकड्यांना रंग जाणवणे हा त्याचा सर्वाधिक अभ्यासलेला प्रकार आहे. शंभरातील साधारण एक ते दोन जणांमध्ये तो आढळतो. मानसिक आजारांच्या अधिकृत यादीत त्याचा समावेश नाही.

नेमके काय जाणवते?

पाटीवर किंवा कागदावर अक्षर काळ्या शाईत आहे हे त्या व्यक्तीला नीट दिसत असते. त्याबरोबरच तिला एक रंगही जाणवतो. काहींना तो अक्षरावरच पसरल्यासारखा दिसतो, तर बहुतेकांना तो "मनात" दिसतो. हा रंग मुद्दाम आणावा लागत नाही आणि सहसा थांबवताही येत नाही. शिवाय तो ठरलेला असतो. आज ५ लाल असेल तर पुढच्या वर्षीही लालच असतो, आणि तोही त्याच छटेचा.

पहिले स्पष्टीकरण: शेजारच्या भागाला लागणारा धक्का

मेंदूच्या खालच्या बाजूला, कानामागच्या पातळीवर, फ्युजिफॉर्म गायरस नावाची एक घडी आहे. अक्षरांचे आकार ओळखणारा भाग तिथेच आहे. रंग ओळखणारा भाग, ज्याला व्ही-४ म्हणतात, त्याला अगदी लागून आहे. कॅलिफोर्नियातील व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबार्ड यांनी 2001 मध्ये या शेजारावर बोट ठेवले. त्यांच्या मते या लोकांमध्ये दोन भागांच्या मध्ये नेहमीपेक्षा जास्त जोडण्या असतात. ५ हा आकार ओळखला गेला की त्याचा संदेश शेजारच्या रंगाच्या भागातही पोहोचतो आणि लाल रंग जागा होतो. याला क्रॉस-ॲक्टिव्हेशन म्हणतात.

या जोडण्या येतात कुठून? बाळाच्या मेंदूत सुरुवातीला गरजेपेक्षा जास्त जोडण्या तयार होतात आणि वाढीच्या काळात नको असलेल्या छाटल्या जातात. ही छाटणी काही जागी कमी झाली, तर दोन शेजाऱ्यांमधली वाट उघडी राहते. सिनेस्थेशिया एकाच घरातल्या अनेकांमध्ये आढळतो, म्हणून यात आनुवंशिकतेचा वाटा असावा असे मानतात.

या विचाराला काही आधार आहे. रामचंद्रन यांनी तपासलेल्या काही व्यक्तींना 5 या आकड्याला रंग दिसत असे, पण रोमन V ला किंवा पाच ठिपक्यांना दिसत नसे. म्हणजे तिथे रंग "पाच" या अर्थाला नव्हे, तर आकाराला चिकटलेला होता. 2007 मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांना स्कॅनमध्ये या भागाजवळच्या जोडण्या अशा लोकांमध्ये जास्त भक्कम आढळल्या. मात्र पुढच्या सर्वच अभ्यासांत हा फरक तितका स्पष्ट दिसला नाही.

दुसरे स्पष्टीकरण: ढिला पडलेला ब्रेक

मेंदूत माहिती फक्त डोळ्यांकडून वरच्या केंद्रांकडे जात नाही. वरची केंद्रे खालच्या भागांना उलट संदेशही पाठवत असतात. एरवी या उलट संदेशांवर एक ब्रेक असतो, त्यामुळे ते नको त्या भागाला जागे करत नाहीत. ग्रोसेनबाखर आणि लव्हलेस यांनी 2001 मध्येच असे मांडले की सिनेस्थेशियात नवीन तारा जोडलेल्या नसतात; वाटा सर्वांच्याच मेंदूत असतात, फक्त हा ब्रेक ढिला असतो. अक्षराचा अर्थ वर समजला की संदेश परत खाली येतो आणि रंगाच्या भागाला जागे करतो.

या मताच्या बाजूने दोन गोष्टी आहेत. एलएसडीसारख्या मादक पदार्थांच्या अमलाखाली, ज्याला कधी असा अनुभव आला नव्हता त्यालाही काही तासांसाठी आवाजांबरोबर रंग दिसू शकतात. इतक्या थोड्या वेळात नव्या जोडण्या वाढू शकत नाहीत. म्हणजे वाट आधीपासून होती.

दुसरी गोष्ट वाचनातली. आपल्याकडे हाताने लिहिलेला '२' आणि 'र' जवळजवळ सारखेच दिसतात. '२५' मध्ये तो आपण आकडा म्हणून वाचतो आणि 'रवा' मध्ये अक्षर म्हणून. इंग्रजीत 2 आणि Z सारख्या दिसतील अशा चिन्हांवर असे प्रयोग झाले आहेत. चिन्ह तेच असूनही, ते आकडा म्हणून वाचले की एक रंग आणि अक्षर म्हणून वाचले की दुसरा रंग जाणवतो. फक्त आकारच रंग ठरवत असता तर असे झाले नसते. अर्थ समजल्यावर वरून खाली येणारा संदेश इथे काम करतो.

मग खरे कोणते?

एकाच स्पष्टीकरणात सगळे बसत नाही. ज्यांचा रंग आकाराला चिकटलेला आहे त्यांना पहिले जास्त लागू पडते, ज्यांचा रंग अर्थाबरोबर बदलतो त्यांना दुसरे. काही व्यक्तींमध्ये दोन्ही एकत्र असू शकतात. उपचाराच्या दृष्टीने मात्र या फरकाने काही बदलत नाही.

घरी कसे ओळखाल?

अक्षरे व आकडे उलटसुलट क्रमाने विचारा आणि मूल सांगेल ती छटा लिहून ठेवा. नुसते "निळा" नको, "आकाशी" की "शाईसारखा" हेही लिहा. आधी न सांगता महिन्याभराने पुन्हा विचारा. सिनेस्थेशिया असेल तर बहुतेक उत्तरे जुळतात. पाठ करून किंवा अंदाजाने सांगणाऱ्याची बरीच चुकतात. सहा-सात वर्षांच्या मुलांचे रंग अजून पक्के होत असतात, म्हणून त्या वयात उत्तरे बदलली तर खोटे ठरवू नका.

वरच्या उदाहरणातल्या मुलीला औषध नको. शिक्षकांना सांगावे, ४ आणि ७ ठळक लिहून पुन्हा तपासायची सवय लावावी, एवढे पुरते.

डॉक्टरांकडे कधी जावे?

लहानपणापासून असलेल्या, न बदललेल्या रंगांसाठी तपासण्या लागत नाहीत. पण पुढील गोष्टी असतील तर थांबू नका:

- मोठेपणी अचानक रंग किंवा प्रकाश दिसू लागणे
- डोक्याला मार लागल्यानंतर किंवा दृष्टी कमी झाल्यानंतर हे सुरू होणे
- रंगांबरोबर डोकेदुखी, शुद्ध हरपणे, झटके किंवा अर्ध्या अंगात अशक्तपणा
- अक्षर, आकडा किंवा आवाज असे काहीही निमित्त नसताना माणसे दिसणे, आवाज ऐकू येणे आणि ते खरे वाटणे

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. भासात व्यक्तीला ते बाहेर खरोखर आहे असे वाटू शकते. सिनेस्थेशियात तिला माहीत असते की शाई काळीच आहे. डॉक्टरांना हा फरक स्पष्ट सांगा, म्हणजे मुलाला विनाकारण मानसिक आजाराची औषधे सुरू होण्याचा धोका टळेल.